पाच तास, एकतीस मिनिटं, छत्तीस सेकंद

खोटं तुम्ही बोललात, आणि त्याखाली सही माझी घेतलीत.

तुम्ही म्हणजे नेमकं कोण, हे मला अजून माहीत नाही. कागदावर नुसतं 'तपास विभाग' असं छापलेलं असतं. तपास विभाग वर बसतो, असं खाली सगळे सांगतात. आमच्या इमारतीला वरचा मजला एकच आहे आणि तिथे पाण्याच्या टाक्या आहेत. मी जाऊन बघून आले. तेव्हा हे पत्र मी कोणाला लिहिते आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र मी ठाऊक आहे. व्हिडिओ टेबल, दुसरी खुर्ची.

जे वाचतील त्यांच्यासाठी आधी काम सांगते. आमच्याकडे परत आलेला माल येतो. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, पसंत पडली नाही की त्याच खोक्यात कोंबून परत पाठवतात. खालच्या हॉलमध्ये बारा टेबलं आहेत, प्रत्येकावर एक बाई, आणि प्रत्येक टेबलाच्या बरोबर वर छताला एक कॅमेरा. बाई खोकं उघडते, वस्तू काढते, बटण दाबते. चांगली, तुटकी, रिकामं खोकं, अशी बटणं आहेत. एका खोक्याला बावीस सेकंद. आठ तासांची पाळी संपली की प्रत्येक टेबलाचा आठ तासांचा एक सलग व्हिडिओ तयार होतो. खोकी उघडण्याचे व्हिडिओ लोक म्हणे मजेने बघतात, आतून काय निघतं म्हणून. आमच्याकडे मजा नसते, पुरावा असतो.

कुठल्या वस्तूवरून वाद झाला की तुमचा कागद माझ्याकडे येतो. टेबल अमुक, तारीख तमुक, वस्तू ही. व्हिडिओत ती वस्तू ज्या क्षणी दिसते तो नेमका क्षण कळवा. आठ तास डोळ्यांनी कोण बघणार? म्हणून चित्रावरून शोध घेणारं सॉफ्टवेअर आहे. वस्तूचा फोटो त्याला द्यायचा. ते व्हिडिओतल्या चित्रांशी तो ताडून बघतं आणि सगळ्यात जास्त जुळणारं चित्र वर, बाकीची खाली, अशी यादी लावतं. प्रत्येकापुढे टक्के आणि वेळ. मला हे कोणी शिकवलं नाही. आधीची बाई सोडून गेली, तिची खुर्ची गरम होती तोवर मला बसवलं. बटणं दाबत दाबत शिकले. सहा महिन्यांत दोनशे सत्तर नेमके क्षण कळवले. तुम्ही त्यातला एकही परत पाठवला नाहीत. मला वाटलं, आपल्याला जमतंय.

त्या सोमवारी कागद आला. टेबल सात, केस वाळवायचा ड्रायर, गडद निळा, महागातला. ग्राहक म्हणतो परत पाठवला, टेबलवरून नोंद आहे 'रिकामं खोकं'. मी कंपनीच्या यादीतला फोटो दिला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळा ड्रायर, नवरदेवासारखा नटलेला. पहिलंच उत्तर चौऱ्याण्णव टक्के. ०२:४७:१०. लहानशा चौकोनात पांढरे हातमोजे आणि त्यांच्यामध्ये निळा ड्रायर. तुमच्या फॉर्मात वेळेसाठी एकच रकाना आहे. मी वेळ भरली, सही केली, पाठवून दिलं. तोवर चहा निवलाही नव्हता.

कोणत्या टेबलावर कोण, हे रोज सकाळी चिठ्ठी काढून ठरतं. वरून फक्त हातमोजे दिसतात. हे आधीच सांगते, म्हणजे ओळख असून केलं असं कोणी म्हणायला नको.

बुधवारी मला सुट्टी होती. भर दुपारी माझी जाऊबाई पिशवी घेऊन घरी आली. आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका, स्वयंपाकघर एकच. खालच्या हॉलमध्ये ती नऊ वर्षं आहे. मला व्हिडिओ टेबलावर तिनेच शब्द टाकून लावलं, आणि ते ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवते. मीठ जास्त पडलं तरी तिथूनच सुरुवात.

त्या दिवशी तिने काही ऐकवलं नाही. पिशवी खुंटीला न लावता जमिनीवरच ठेवली.

"काय हो ताई, लवकर?"

"घरी बसायला सांगितलंय. शुक्रवारी निकाल. चोरी म्हणतायत."

"कसली चोरी?"

"ड्रायर. माझ्या केसांकडे बघ आणि सांग, मी ड्रायर चोरीन का?" तिचे केस पाठीवर चिमूटभर आहेत. हसावं की नाही, मला कळेना. "खोकं हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं गं. उघडलं, आत नुसता पुठ्ठा. 'रिकामं' दाबलं. आता म्हणतात व्हिडिओत वस्तू स्पष्ट दिसते. दिसते तर मग मलाच का दिसली नाही?"

"किती वाजता दिसते म्हणाले?"

"दोन तास सत्तेचाळीस मिनिटं दहा सेकंद. पाठच झालंय मला."

मी ओट्याला टेकले. "ताई, ते मी कळवलंय."

 "म्हणजे तू बघितलंस?"

"बघितलं नाही. सापडलं."

"यात फरक काय?"

  त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात जो गोंधळ घातला तो अजून निवळलेला नाही.

"वा," ती म्हणाली. "मी तुला खुर्ची दिली आणि तू मला दार दाखवलंस. भावोजींना सांग, बायको हुशार आहे." आणि बटाटे सोलायला बसली. साल इतकी जाड काढत होती की बटाटा लिंबाएवढा उरत होता.

हे चोरीचं प्रकरण तुम्ही लोक कसं करता, तेही लिहून ठेवते. एकदा 'चोरी' असं नोंदलं की ते नाव बाकीच्या गोदामांनाही जातं. आमच्या भागात परतीच्या मालाची चार गोदामं आहेत. चारही दारं एकाच दिवशी बंद. जाऊबाई एकावन्न वर्षांची आहे आणि तिला दुसरं काम येत नाही. म्हणजे शुक्रवारपर्यंत मला शोधायचं होतं, ड्रायर खरंच कधी दिसला.

गुरुवारी सकाळी मी पहिल्यांदा तो क्षण मोठ्या पडद्यावर लावला. पहिल्यांदा! दोनशे सत्तर वेळा लहान चौकोन बघून सही केली होती.

व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवला. हातमोजे आले, त्यांनी खोकं दोनदा थोपटलं, तान्ह्याला थोपटतात तसं. जाऊबाई. ती उघडण्याआधी प्रत्येक खोकं थोपटते, घरी डबासुद्धा. मग खोकं आडवं झालं आणि ड्रायर दिसला. निळा, चकचकीत, खऱ्याएवढा. छान. मी आणखी चार चित्रं पुढे गेले. खोकं वळलं. आणि ड्रायरची मूठ काटकोनात मोडली.

मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. मूठ पुन्हा मोडली. माझ्या डोक्यात काही शिरेना. मग शिरलं. ते खोक्यावर छापलेलं चित्र होतं. मूठ खोक्याच्या कडेवरून दुसऱ्या बाजूला गेलेली. कंपनीच्या यादीतला फोटो आणि खोक्यावरचा फोटो एकच, म्हणून तर चौऱ्याण्णव टक्के. खरी वस्तू इतकी जुळलीच नसती. सॉफ्टवेअरला वस्तू आणि वस्तूचं चित्र यांतला फरक कळत नाही. ते दिसणं दिसण्याशी ताडतं, बस. ते खोटं बोललं नव्हतं. ते फक्त म्हणालं होतं, हे यासारखं दिसतं. 'ड्रायर इथे आहे' असं मी लिहिलं, आणि 'बाईने घेतला' असं तुम्ही.

मी धावत आमच्या पाळीप्रमुखाकडे गेले. त्यांना सगळे स्टेपलर म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट सांगितली की ते तिला एक कागद जोडतात.

"सर, ते चित्र आहे. खोक्यावरचं. वस्तू नाहीच."

"अहो मॅडम, चौऱ्याण्णव आहे."

"चित्राला चौऱ्याण्णव आहे."

"माझ्या मुलाला दहावीत चौऱ्याण्णव असते तर मी पेढ्यांऐवजी त्यालाच वाटला असता." त्यांनी स्वतःच हसून घेतलं. मग पडद्यावर मूठ मोडताना बघितली आणि हसू थांबवलं. "बरं. मानलं, चित्र आहे. मग वस्तू कुठे दिसते? तो क्षण द्या."

"खोकं रिकामं होतं. दिसतच नाही."

"'दिसत नाही' असं फॉर्मात कुठे भरू? रकाना वेळेचा आहे. आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

मी बघितलं. खरंच जात नाही. सहा महिने भरते आहे आणि कधी लक्षात आलं नव्हतं. ज्याने हा फॉर्म बनवला त्याच्या डोक्यात वस्तू दिसणारच होती.

"दुसरा आकडा आणा, मी कागद जोडतो," स्टेपलर म्हणाले. वाईट माणूस नाही तो. माझ्यासारखाच तोही खालचा.

मग मी नीट डोकं लावलं, निदान तसं मला वाटलं. यादीतला नटवा फोटो चालणार नाही. मांडणीवरून तसलाच दुसरा ड्रायर मागितला, रिकाम्या टेबलावर आडवा ठेवला आणि कॅमेऱ्याला दिसेल तसा वरून फोटो काढला. तो दिला. पहिलं उत्तर अठ्ठ्याऐंशी टक्के. दुसरं सत्त्याऐंशी. तिसरं, चौथं, पाचवं, पानं भरून उत्तरं! माझा जीव उडाला. एवढे ड्रायर? जाऊबाईने दुकान काढलं की काय?

पहिलं उघडलं. चिकटपट्टी लावायचं यंत्र. त्यालाही मूठ असते, त्यालाही पुढे गोल तोंड असतं, आणि आमच्याकडची सगळी निळी आहेत. ते आठही तास टेबलावर लोळत असतं. चारशे बारा उत्तरं, सगळी त्याची.

 एक फोटो देते तर खोक्याचं चित्र मिळतं. दुसरा देते तर चिकटपट्टी. मग मी यादीत बघत बसले आणि मला भलतंच काही दिसलं. ०२:४७:१०. ०४:०५:३५. ०६:१२:४०. शून्य, पाच, शून्य. एकही वेळ दोनवर किंवा सातवर संपत नव्हती. जुने दोनशे सत्तर कागद काढले. सगळे शून्यावर किंवा पाचावर.

वस्तू काय पाचाच्या पाढ्याने दिसतात?

सेटिंगमध्ये शिरले. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: दर पाच सेकंदांनी एक चित्र. म्हणजे हे सॉफ्टवेअर आठ तास बघतच नाही. पाच सेकंदांतून एकदा डोळा उघडतं आणि मिटतं. मधल्या वेळात समोरून हत्ती गेला तरी त्याला पत्ता नाही. आणि यातून निघालेल्या वेळेला तुम्ही 'नेमका क्षण' म्हणता. हे सेटिंग माझं नाही. मला ते बदलायचा अधिकारही नव्हता. स्टेपलरनी स्वतःचा पासवर्ड टाकून दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी सेकंदाला एक चित्र केलं. शिवाय प्रत्येक चित्राचे नऊ तुकडे पाडले, कारण अख्ख्या टेबलाच्या चित्रात कोपऱ्यातली लहान वस्तू बुडून जाते. अडीच लाखांहून जास्त तुकडे झाले. मशीन दुपारभर घरघरत होतं. चिकटपट्टीचं यंत्र ओळखीचं झालं होतं, ते बाजूला सारत सारत खाली गेले. तीनशे चाळिसाव्या उत्तराला थांबले. एकाहत्तर टक्के. ०५:३१:३७.

वेगळंच खोकं. स्वेटर परत आलेत, दोन, एकात एक गुंडाळलेले. हातमोजे गठ्ठा उचलतात. स्वेटरची बाही लोंबते आणि बाहीच्या तोंडातून काहीतरी निळं, गोल, चकचकीत बाहेर डोकावतं. ०५:३१:३६ ला दिसायला लागतं. ०५:३१:३९ ला गठ्ठा कपड्यांच्या क्रेटमध्ये जातो आणि संपतं. तीन सेकंद. पस्तिसाव्या सेकंदाला सॉफ्टवेअरने डोळा उघडला होता, नंतर चाळिसाव्याला. मधलं त्याच्यासाठी घडलंच नाही.

आमचा नियम असा की कपड्यांचा गठ्ठा टेबलावर उलगडायचा नाही. वेळ जातो. क्रेटमध्ये टाका, पुढे बघतील. एकाच माणसाने दोन्ही वस्तू परत पाठवल्या असतील आणि ड्रायर चुकून स्वेटरच्या खोक्यात कोंबला असेल, तर सगळं जुळत होतं.  जिन्यात जाऊन जाऊबाईला फोन लावला.

"ताई, सापडला! स्वेटरच्या बाहीत होता. साडेपाच तासांनी. आठवतं का?"

"स्वेटर रोज शंभर येतात."

"बाही लोंबत होती, आत निळं काहीतरी गोल. तुम्ही क्रेटमध्ये टाकलंत."

 "निळं म्हणजे ड्रायरच कशावरून? पाण्याची बाटली असेल. बुटाचं टोक असेल."

"ताई, मी तुमच्या बाजूने बोलतेय!"

"ते कळलं गं. पण मूठ दिसते का?"

"मूठ बाहीच्या आत आहे."

"म्हणजे नाही दिसत."

"एकाहत्तर टक्के..."

"परवा चौऱ्याण्णव होते," जाऊबाई म्हणाली. "तेव्हा मी चोर होते. आता एकाहत्तरवर साव होऊ? मला तेव्हा ड्रायर दिसला नाही. आता तू सांगतेस म्हणून दिसला म्हणू? तसलं मला जमायचं नाही."

"तुम्ही फक्त म्हणा की गठ्ठा जड लागला."

"नाही आठवत. खोटं नको बोलायला लावूस. एकदा तुझ्या सहीने बोलून झालंय."

मी फोन ठेवून पुन्हा पडद्यासमोर आले आणि तो निळा गोल बघत बसले. दहा वेळा बघितला. दर वेळी वेगळा वाटला. ड्रायर. बाटली. ड्रायर. माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास तुम्ही लोकांनी असा काढून घेतलात, की आता घरी भिंतीवरचं घड्याळ बघतानाही मी आधी विचार करते, हे घड्याळच ना?

पण मला खात्री नसली तरी ती करून घेता येते. ते अगदी सोपं आहे. त्या खोक्यावर चिठ्ठी होती. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव. तेच नाव ड्रायरवाल्याचं निघालं तर प्रश्न मिटला. दुसरं कोणाचं निघालं तर मी पुन्हा पहिल्यापासून शोधेन. चिठ्ठी व्हिडिओत दिसते, पण आमच्याकडच्या व्हिडिओत नावं आपोआप पुसट केलेली असतात. ग्राहकाची गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून. ठीक आहे, बरोबरच आहे ते. पण मूळ नोंद तुमच्याकडे आहे. तुम्हाला एक बटण दाबायचं आहे.

मी फॉर्म भरला. वेळेच्या रकान्यात ०५:३१:३६ टाकलं. शेऱ्यात लिहिलं, आधीचा क्षण चुकीचा, ते खोक्यावरचं छापील चित्र होतं. या खोक्याच्या चिठ्ठीवरचं नाव तपासावं. कपड्यांचं क्रेट कुठे गेलं तेही बघावं. तोवर निकाल थांबवावा. स्टेपलरनी कागद जोडला. एक नाही, तीन जोडले. मूठ मोडते त्याची सहा चित्रंसुद्धा.

शुक्रवारी चार वाजता तुमचं उत्तर आलं. एक ओळ. 'सदर प्रकरणात नेमका क्षण व्हिडिओ टेबलाने सोमवारीच कळवला असून तो ग्राह्य धरण्यात आला आहे.'

माझाच कागद तुम्ही माझ्या तोंडावर मारलात. सोमवारी मी न बघता सांगितलं ते तुम्हाला ग्राह्य, आणि गुरुवारी बघून सांगितलं ते नाही. पाचला जाऊबाईचं नाव चारही गोदामांना गेलं.

ती घरी काही बोलत नाही. मी बनवलेलं जेवते. परवा मीठ खरंच जास्त झालं होतं, मी वाट बघत होते, ती गप्प. खुर्चीचा विषय तिने त्या दिवसापासून काढलेला नाही. त्यापेक्षा रोज दहादा काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी नोकरी सोडलेली नाही. सोडली तर दुसरी खुर्ची कोणाला तरी मिळेल आणि तीही चहा निवायच्या आत सही करेल. माझ्या दोनशे सत्तर कागदांतून आणखी किती चित्रं आणि किती चिकटपट्ट्या निघतील, ते मी रोज पाच-पाच करून मोठ्या पडद्यावर बघते आहे. आतापर्यंत अकरा निघाले. त्या अकरा बाया कोण होत्या ते मला माहीत नाही. हातमोज्यांवरून कळत नाही.

आता सरळ विचारते, आणि उत्तर सरळच हवं. आकडा नको, टक्के नकोत, ग्राह्य-अग्राह्य नको. त्या दिवशी, टेबल सातवर, पाच तास एकतीस मिनिटं छत्तीस सेकंदांनी जे स्वेटर निघाले, त्या खोक्यावर कोणाचं नाव होतं?

बघा, आणि सांगा.